घोटा मुरगळला की हाड मोडलं? पहिल्या तासापासून प्लास्टर निघेपर्यंत काय करायचं

पाय मुरगळला की घरात दोन गोष्टी लगेच तपासल्या जातात: पायाची बोटं हलतायत का, आणि सूज किती आली आहे. या दोन्हींवरून हाड मोडलंय की नाही ते ठरत नाही. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत असतात आणि त्यांच्या दोऱ्या घोट्यावरून पुढे जातात. त्यामुळे घोट्याचं हाड मोडलेलं असतानाही बोटं व्यवस्थित हलू शकतात. सुजेचंही तसंच. अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, फाटला तर अर्ध्या तासात अंड्याएवढा फुगवटा येतो, आणि बारीक भेगेला कधीकधी जेमतेम सूज येते. तिसरा गैरसमज चालण्याचा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड शरीराचं फारच थोडं वजन पेलतं, म्हणून ते मोडूनही माणूस लंगडत घरी पोचतो.

या लेखात फक्त घोटा घेतला आहे, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. प्लास्टरची काळजी आणि धोक्याच्या खुणा मात्र हाताच्या प्लास्टरलाही लागू आहेत.

## १. पहिली दहा मिनिटं

सगळ्यात आधी अंगावरच्या वस्तू काढा. चप्पल, बूट, मोजे, पैंजण आणि जोडवी सूज चढायच्या आत निघायला हवीत. जोडवी राहून गेली तर तासाभरात बोट फुगतं, ती रुतते आणि मग कापूनच काढावी लागते. मनगटाला किंवा हाताला लागलं असेल तर हाच नियम बांगड्या, अंगठी आणि घड्याळाला.

मग दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. दुखऱ्या पायाचा आकार वेगळा दिसतोय का, पाऊल एका बाजूला वळलंय का, कातडी फाटून आत हाड दिसतंय का? बोटांना हात लावा. ती दुसऱ्या पायाइतकीच गरम आहेत का, आणि स्पर्श नीट कळतोय का? अंगठ्याचं नख दाबून सोडलं की ते आधी पांढरं होतं आणि मग पुन्हा गुलाबी होतं. हा गुलाबीपणा दोन सेकंदांत परतायला हवा. नेलपॉलिश असेल तर एका बोटाचं तरी आत्ताच पुसून टाका, ही तपासणी पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा लागणार आहे.

थांबा: पाय वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, पाऊल थंड किंवा पांढरं पडलं असेल, किंवा बोटं बधिर असतील तर पुढची तपासणी करत बसू नका. थेट टप्पा ४ वर जा आणि १०८ ला फोन करा.

मालिश, शेक, ओढून ‘जागेवर बसवणं’ यांतलं काहीही या वेळी नको. आत रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात. चोळल्याने आणि उष्णतेने रक्तस्राव वाढतो, आणि भेग पडलेलं हाड ओढल्याने सरकू शकतं.

## २. एक्स-रे लागेल का, ते ठरवणं

यासाठी जगभरचे डॉक्टर कॅनडातल्या ओटावा शहरात तयार झालेले आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेले नियम वापरतात. घरी हे नियम डॉक्टरांच्या जागी वापरायचे नाहीत. एक्स-रेसाठी आजच निघायचं की नाही हे ठरवायला मात्र ते उपयोगी पडतात.

पायरी १: बोटाने दाबून बघा. सुजेच्या मध्यावर दाबू नका, तिथे कुणालाही दुखतंच. हाडावर दाबायचं. बाहेरच्या घोट्याचं उंचवटलेलं टोक शोधा आणि तिथून हाडाच्या मागच्या कडेने वर, नडगीच्या दिशेने, सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाच्या टोकाने दाबत जा. आतल्या घोट्यावरही तसंच करा. मागच्या कडेने जायचं कारण असं की मुरगळताना फाटणारा मुख्य अस्थिबंध घोट्याच्या पुढे आणि खाली असतो. पुढून दाबलं तर दुखणं अस्थिबंधाचं की हाडाचं हे कळतच नाही.

पायरी २: पावलाच्या दोन जागा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्ये एक टोकदार हाड हाताला लागतं. पाय आत वळला की ओढ बसून हे टोक तुटतं आणि सगळे ‘घोटाच मुरगळलाय’ म्हणत राहतात. दुसरी जागा आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे आणि खाली, पावलाच्या कमानीच्या वरच्या भागातल्या उंचवट्याची.

पायरी ३: चार पावलं. आधार न घेता चार पावलं टाकता येतात का, म्हणजे प्रत्येक पायावर दोनदा वजन पडतं का? लंगडत टाकली तरी चालतील. लागल्या लागल्याही टाकता आली नव्हती आणि आत्ताही येत नसतील, तर एक्स-रे हवाच. पहिल्या दोन पायऱ्यांत हाड मोडल्याचा संशय आला असेल तर ही तिसरी पायरी करायची गरज नाही. उगाच उभं करू नका.

या जागांपैकी एका जागी जरी हाडावर दाबल्यावर स्पष्ट दुखलं, किंवा चार पावलं जमली नाहीत, तर एक्स-रे काढा. दोन्ही नसेल तर मोडलेलं हाड असण्याची शक्यता फार कमी राहते. नियमाचा भर कुणाचं मोडलेलं हाड नजरेतून सुटू नये यावर आहे. त्यामुळे एक्स-रे काढलेल्या बऱ्याच जणांचं हाड शाबूत निघतं. त्यात पैसे वाया गेले असं समजू नका.

आणखी एक जागा दाबून बघायची सवय ठेवा: गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूची हाडाची गोळी. पाय जोरात पिळवटला तर कधी आतला घोटा दुखतो आणि बाहेरचं बारीक हाड मात्र वर, गुडघ्याजवळ मोडलेलं असतं. घोट्याच्या एक्स-रेत ते दिसत नाही. तिथे दुखत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

हे नियम कुणाला लावायचे नाहीत: ज्यांना मधुमेहामुळे पायांना कमी कळतं त्यांना, कारण त्यांचं हाड मोडलं तरी दुखेलच असं नाही. दारू घेतलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसाला. सूज इतकी की हाड हाताला लागतच नाही अशा वेळी. आणि लहान मुलांना. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती अस्थिबंधापेक्षा कमकुवत असते. मोठ्यांचा जिथे अस्थिबंध ताणला जातो, तिथे मुलाची वाढीची जागा सरकू शकते. मूल पाय टेकत नसेल तर ‘मुरगळला असेल’ म्हणून दोन दिवस वाट पाहू नका.

## ३. मुरगळल्याची घरची काळजी

पहिले ४८ ते ७२ तास. बर्फ पातळ ओल्या टॉवेलात किंवा पंच्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, मग काढा. जागेपणी दर दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवा. बर्फ थेट कातडीवर किंवा तासभर ठेवल्याने कातडी भाजल्यासारखी होते. पायांना कमी कळणाऱ्या मधुमेहींनी बर्फ टाळलेलाच बरा. भाजतंय हे त्यांना कळणार नाही.

क्रेप बँडेज चार इंची घ्या. पाऊल काटकोनात धरा आणि बोटांच्या मुळापासून सुरुवात करा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असा घेत, टाचेला वळसा घालून घोट्याच्या वर चार-पाच बोटांपर्यंत या. टाच उघडी सोडली तर तिथेच सूज येऊन फुगा होतो. ताण खाली थोडा जास्त आणि वर कमी असावा. वरून आवळलं तर खालचं रक्त परत येत नाही आणि पाऊल उलट जास्त सुजतं.

तपासा: बांधल्यावर दहा मिनिटांनी नख दाबून बघा. बोटं निळसर, थंड किंवा मुंग्या आलेली असतील तर बँडेज पूर्ण सोडा आणि पुन्हा सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

पाय उंच ठेवायचा म्हणजे स्टुलावर नव्हे. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवलेला पाय छातीच्या खालीच राहतो. आडवं व्हा आणि पोटरीपासून टाचेपर्यंत दोन उशा ठेवा, म्हणजे घोटा छातीपेक्षा वर येईल.

दुखण्यासाठी मोठ्या, निरोगी माणसाला पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, चालतात. २४ तासांत आठपेक्षा जास्त गोळ्या नकोत. ज्यांना यकृताचा त्रास आहे, ज्यांचं वजन कमी आहे किंवा जे नेहमी दारू घेतात, त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली असते. ती डॉक्टरांकडून घ्या. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. दुकानदाराने दिलेल्या ‘सुजेच्या’ गोळ्या अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

आंबेहळद-रक्तचंदनाच्या लेपाबद्दल दोन शब्द. हाड शाबूत असल्याचं ठरल्यावर साधा, गार लेप लावला तर सहसा बिघडत नाही. पण तो गरम करून पहिल्या दोन दिवसांत लावू नका, आणि डॉक्टरांनी पाहण्याआधी तर लावूच नका. पिवळ्या-लाल थराखाली कातडीचा बदललेला रंग दिसत नाही, आणि तोच तर बघायचा असतो.

तिसऱ्या दिवसापासून. इथे उलटी चूक होते: माणूस पंधरा दिवस पाय हलवतच नाही. सूज उतरू लागली की आडवं पडून अंगठ्याने हवेत बाराखडी काढा, दिवसातून तीन-चार वेळा. दुखणं सहन होईल तितकं वजन टाकत चाला, आधाराला काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. दुसऱ्या आठवड्यात भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करा. मग एका पायावर ३० सेकंद उभं राहायला शिका. हा तोल साधण्याचा व्यायाम बहुतेक जण सोडून देतात आणि तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळत राहतो.

साधं मुरगळणं एक-दोन आठवड्यांत सुधारतं. अस्थिबंध बराच फाटला असेल तर सहा ते बारा आठवडे लागतात. काळानिळा डाग उतरत टाचेपर्यंत आणि बोटांपर्यंत आला तर घाबरू नका, साकळलेलं रक्त वजनाने खाली येतं.

परत दाखवा: पाच ते सात दिवसांनंतरही पाय टेकता येत नसेल, किंवा सूज कमी होण्याऐवजी वाढत असेल. पहिल्या एक्स-रेत बारीक भेग सुटू शकते.

## ४. हाड मोडल्याचा संशय: हॉस्पिटलपर्यंत

पाय ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत आधार द्यायचा. घोट्यासाठी उत्तम साधन म्हणजे उशी. पोटरीपासून पावलाखालपर्यंत मऊ उशी लावा, तिच्या दोन्ही बाजू वर वळवा आणि ओढणीने किंवा पंच्याने तीन ठिकाणी बांधा: एक नडगीवर, एक घोट्याच्या वर, एक पावलावर. थेट मोडलेल्या जागेवर गाठ नको. बोटं उघडी राहू द्या. बांधण्याआधी आणि बांधल्यावर, दोन्ही वेळा नखाचा रंग आणि स्पर्श बघा. बांधल्यावर बिघडलं तर सैल करा.

जखम असेल तर स्वच्छ कोरडं कापड ठेवून हलका दाब द्या. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. हळद, कॉफी पावडर, माती काहीही भरू नका. अशा जखमेला लवकरात लवकर प्रतिजैविक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, त्यामुळे इथे जवळच्या साध्या दवाखान्यात थांबणं म्हणजे वेळ घालवणं. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला देऊ नका आणि शेवटचं काय व किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा.

हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह घरात होईलच. तिथे बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलेल्या पट्टीखाली रक्तपुरवठा बंद पडून पाऊल काळं पडल्याची आणि शेवटी पाय कापावा लागल्याची प्रकरणं भारतातल्या हॉस्पिटलांनी वारंवार नोंदवली आहेत. एक्स-रे न काढता, सुजलेल्या पायावर, दुखलं तरी सोडायची नाही अशी गच्च पट्टी बांधण्यातच सगळा धोका आहे.

## ५. प्लास्टर घातल्यावर पहिले तीन दिवस

ताज्या दुखापतीत बहुधा आधी ‘कच्चं’ प्लास्टर घालतात. ते गोलाकार नसतं. पायाच्या मागे प्लास्टरची पट्टी आणि वरून बँडेज, म्हणजे स्लॅब. पाय अजून सुजायचा असतो आणि बंद नळीत सुजेला जागा मिळत नाही, म्हणून ही सोय. सूज उतरल्यावर पक्कं प्लास्टर घालतात. ‘आजच पक्कं करून टाका, पुन्हा खेप नको’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

पांढरं प्लास्टर काही मिनिटांत टणक होतं, पण आतून पूर्ण वाळायला दोन ते तीन दिवस लागतात, पावसाळ्यात थोडे जास्तच. या काळात ते तळहातावर उचला, बोटांनी नको. बोटांचे खळगे प्लास्टरला आतून पडतात आणि तिथे कातडीला जखम होते. मऊ उशीवर ठेवा, टाच उशीच्या कडेबाहेर मोकळी राहू द्या. वर चादर घालू नका, पंखा चालू ठेवा. गरम हवेचा ड्रायर नको, वरचा थर वाळतो आणि आत ओल राहते. फायबरचं प्लास्टर मात्र तासाभरात वाळतं. वजन कधी टाकायचं ते मात्र कुठल्याही प्लास्टरमध्ये डॉक्टर सांगतील तेव्हाच.

पहिले तीन दिवस पाय छातीच्या वर, आणि जागेपणी दर तासाला बोटं दहा वेळा वर-खाली. सूज उतरवायचं हे खरं औषध आहे.

घरी न्यायच्या आधी तपासा: पाचही बोटं दिसतायत का? गुडघ्याखालचं प्लास्टर असेल तर बाहेरच्या बाजूला त्याची वरची कड गुडघ्याखालच्या हाडाच्या गोळीवर टेकत नाही ना? तिथून पाऊल वर उचलणारी नस कातडीलगत जाते. कड तिथे रुतली तर पावलाची वरची बाजू बधिर होते आणि पाऊल लोंबतं. शंका असेल तर तिथेच सांगा.

## ६. धोक्याच्या खुणा ओळखणं

साधा नियम: नीट बसवलेलं, प्लास्टर घातलेलं हाड दिवसेंदिवस कमी दुखायला हवं. दुखणं वाढत असेल तर ते नेहमीचं नाही.

पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत बंद असतात. आत सूज वाढली की कप्प्यातला दाब चढतो, स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू गुदमरतो. घट्ट प्लास्टर त्यात भर घालतं. काही तासांतच स्नायू आणि नसा कायमच्या खराब होऊ लागतात. सहा तास उलटले की नुकसान भरून न येण्याची भीती असते. घोट्यापेक्षा नडगी मोडल्यावर हे जास्त होतं, पण खुणा सारख्याच. नाडी लागतेय, बोटं गुलाबी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. मोठी रक्तवाहिनी शेवटपर्यंत चालू राहू शकते. पहिली खूण दुखण्याचीच असते.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. समजा ४५ वर्षांच्या एका बाईंचा पाय शनिवारी संध्याकाळी ओल्या जिन्यावरून घसरून नडगीच्या खालच्या भागात मोडला. रात्री स्लॅब घातला आणि त्यांना घरी पाठवलं. रविवारी संध्याकाळी दुखणं दहापैकी चार, गोळीने बरं वाटतंय. रात्री एक वाजता त्यांना जाग येते: दुखणं दहापैकी आठ, पोटरी फुटेल असं वाटतंय. झोपताना घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही.

बहुतेक घरांत या वेळी दुसरी गोळी दिली जाते, पाय आणखी उंच केला जातो आणि ‘सकाळी बघू’ ठरतं. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. करायचं ते असं:

१. उशा काढा आणि पाय छातीच्या पातळीवर आणा. सुजेसाठी उंच ठेवणं बरोबर होतं, पण आता रक्तच कमी पोचतंय आणि उंचीमुळे ते आणखी कमी होतं.

२. दुसऱ्या कुणीतरी पायाचा अंगठा हलक्या हाताने आधी वर, मग खाली वळवावा. त्याने पोटरीत किंवा नडगीत असह्य कळ आली तर ही सगळ्यात महत्त्वाची खूण.

३. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, आणि तळव्यावर कापसाने स्पर्श करा. दुसऱ्या पायाशी तुलना करा. मुंग्या किंवा बधिरपणा म्हणजे नस दबते आहे.

४. रिक्षा किंवा रुग्णवाहिका बोलवा, हॉस्पिटलला फोन करून ‘स्लॅब घातलेल्या पायाचं दुखणं अचानक वाढलंय’ असं सांगा. तोवर स्लॅबवरचं बँडेज वरपासून खालपर्यंत पूर्ण उघडा आणि आतला कापूसही समोरून फाडून कातडी दिसेपर्यंत मोकळा करा. वाळलेल्या रक्ताने कडक झालेला कापूसही आवळून धरतो. पट्टी पायाखाली आधाराला तशीच राहू द्या. हाड थोडं सरकलं तर पुन्हा बसवता येतं, पण मेलेला स्नायू परत येत नाही.

५. बरं वाटलं तरी निघा, नाही वाटलं तर धावत निघा. खायला-प्यायला देऊ नका, कप्पे उघडण्याची शस्त्रक्रिया लागू शकते.

पक्कं प्लास्टर असेल तर घरी सुरीने किंवा करवतीने कापू नका, थेट निघा. हॉस्पिटलात ते दोन्ही बाजूंनी, आतल्या कापसासकट कापतात.

याच रात्री निघायला लावणाऱ्या आणखी खुणा: बोटं निळी, पांढरी किंवा थंड पडणं, आधी हलणारी बोटं हलेनाशी होणं, पाय तासभर उंच ठेवूनही बोटांची सूज वाढत राहणं, थंडी वाजून ताप येणं. मधुमेहात किंवा लहान मुलात दुखण्याची तक्रार अस्पष्ट असते. मूल सारखं किरकिरत असेल आणि दर वेळी जास्त औषध मागत असेल तर तीच खूण समजा.

## ७. पुढचे आठवडे

एकाच जागी जळजळ. टाचेवर किंवा घोट्याच्या टोकावर प्लास्टर घासत असेल तर आधी जळजळ होते. दोन-तीन दिवसांनी ती आपोआप थांबते आणि लोक निश्चिंत होतात. पण कातडी मेली की दुखणं थांबतं. नंतर वास येतो, प्लास्टरवर पिवळसर डाग दिसतो. जळजळ असतानाच दाखवा, डॉक्टर तिथे खिडकी कापून आत बघू शकतात.

खाज. विणायची सुई, फूटपट्टी, कंगवा, पेन्सिल आत घालू नका. ओरखडा बंद, दमट जागेत चिघळतो. पावडर आणि तेलही नको. गार हवेचा ड्रायर वरच्या तोंडाशी धरा किंवा बाहेरून हलके ठोका.

अंघोळ. पांढरं प्लास्टर भिजलं तर मऊ पडतं आणि आधार जातो. प्लास्टिकची पिशवी दोन थरांत घालून वर चिकटपट्टी लावली तरी पाय पाण्याच्या धारेत नको. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा आणि पाय दुसऱ्या स्टुलावर बाहेर काढून अंघोळ करा. फायबरचं प्लास्टर भिजून मोडत नाही, पण आतला कापूस भिजला की कातडी गळते. भिजलं तर बदलून घ्या.

कुबड्या. काखेखाली दोन-तीन बोटं जागा राहायला हवी आणि वजन तळहातांवर पडायला हवं. काखेवर लटकून चाललं तर तिथली नस दबून हाताला मुंग्या येतात आणि मनगट उचलेनासं होतं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येणार नाही, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

सैल पडलं तर. पाच-सात दिवसांनी सूज उतरली की प्लास्टर आत हलू लागतं. ‘आता मोकळं वाटतंय’ म्हणून सोडून देऊ नका. सैल प्लास्टरमध्ये हाड सरकतं. म्हणूनच साधारण सात ते दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. ती भेट चुकवू नका, कारण नंतर हाड वाकडंच जुळू लागतं.

पोटरीतली गाठ. हालचाल बंद झाल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरीत किंवा मांडीत नवीन दुखणं, उंच ठेवूनही न उतरणारी सूज ही तिची खूण. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते, लगेच १०८. गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, कर्करोग किंवा पूर्वी झालेली गुठळी हे सगळं प्लास्टर घालतानाच डॉक्टरांना सांगा. काहींना प्रतिबंधक इंजेक्शनं लागतात.

तंबाखू, मिसरी, विडी-सिगारेट या काळात बंद ठेवा. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो.

## ८. प्लास्टर निघाल्यावर

घोट्याच्या साध्या फ्रॅक्चरला सहसा सहा आठवड्यांच्या आसपास प्लास्टर राहतं. कापायचं यंत्र आवाज मोठा करतं, पण त्याची पाती गोल फिरत नाही, नुसती थरथरते. कडक वस्तू कापली जाते, मऊ कातडी सहसा नाही. गरम लागलं तर मात्र लगेच सांगा.

आत पाय बारीक झालेला, कातडी पिवळट आणि पापुद्रे सुटलेली दिसेल. हे अपेक्षित आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मऊ कापडाने टिपा आणि खोबरेल तेल लावा. घासून पापुद्रे काढू नका, खालची कातडी नाजूक असते. संध्याकाळी घोटा सुजणं काही आठवडे, कधी दोन-तीन महिने चालतं. बाराखडीचा, टाचा उचलण्याचा आणि एका पायावर उभं राहण्याचा तोच क्रम आता पुन्हा सुरू करायचा, पण वजन किती टाकायचं हे डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितल्यावर.

आठवड्यांनंतरही पायाला सतत जळजळ होत असेल, चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल, एकच पाय जास्त घामेजत असेल किंवा त्याचा रंग वारंवार लाल-निळा बदलत असेल, तर ‘प्लास्टरचा अशक्तपणा’ म्हणून घरी मालिश करत बसू नका. हा नसांशी संबंधित वेगळा त्रास असू शकतो, आणि त्याची फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होते तितका पाय जास्त परत मिळतो.